गुणपत्रकातील भारित सरासरी

शिष्यवृत्तीसाठी निवड करावयाची असली की समिती पुष्कळदा गणिताला अधिक व चित्रकलेला कमी महत्त्व देते. हे महत्त्व अंकांत सांगतात, त्यालाच भार म्हणावे. भाषेचा भार २, गणिताचा ४, विज्ञानाचा ३ आणि चित्रकलेचा १ ठरला आहे आणि प्रत्येक विषय १०० गुणांचा आहे, असे समजू या.

पहिल्या विद्यार्थ्याचे याच क्रमाने गुण आहेत ७२, ४८, ६० व ९०. दुसऱ्याचे ६०, ७५, ७० व ४५. साधी सरासरी काढली तर पहिला ६७.५ वर आणि दुसरा ६२.५ वर येतो. आता प्रत्येक गुणास त्याच्या भाराने गुणावे, गुणाकारांची बेरीज घ्यावी आणि तिला भारांच्या बेरजेने, म्हणजे १० ने, भागावे. पहिल्याची बेरीज ६०६, म्हणून ६०.६, दुसऱ्याची ६७५, म्हणून ६७.५. क्रम उलटला!

संगणकावरील तक्त्यात दुसऱ्या ओळीत B ते E या स्तंभांत भार लिहावेत, तिसऱ्या ओळीपासून विद्यार्थ्यांचे गुण घ्यावेत आणि F3 या घरात हे सूत्र भरावे :

```
=SUMPRODUCT(B3:E3,$B$2:$E$2)/SUM($B$2:$E$2)
```

सूत्रातील डॉलरची चिन्हे शोभेची नव्हेत. ती गाळून सूत्र खाली ओढले, तर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ओळीत भार म्हणून पहिल्या विद्यार्थ्याचे गुण धरले जातात. उत्तर येते ५९.८९. संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही, आकडाही संभाव्य वाटतो, आणि ज्याचा हक्क तो विद्यार्थी मागे पडतो. केवळ पहिली ओळ पडताळणाऱ्यास हे कळणार नाही, कारण ती बरोबरच असते. म्हणून शेवटच्या ओळीतील सूत्र उघडून त्यात $B$2:$E$2 कायम आहे ना, हे पाहावे.

गैरहजेरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. घर रिकामे असो वा त्यात ‘गैरहजर’ असा शब्द असो, हे सूत्र तेथे शून्य धरते. विषयाचा भार मात्र भाजकात राहतो. पहिल्या विद्यार्थ्यास विज्ञानाच्या परीक्षेतून रीतसर सूट मिळालेली असली, तर ४२६ भागिले १० म्हणजे ४२.६ एवढेच त्याच्या पदरात पडतात. सूट दिलेल्या विषयाचा भार वगळावयाचा असेल तर सूत्र असे :

```
=SUMPRODUCT(B3:E3,$B$2:$E$2)/SUMPRODUCT(ISNUMBER(B3:E3)*$B$2:$E$2)
```

भाजक ७ होतो व उत्तर ६०.८६ येते. विनापरवानगी गैरहजर असलेल्यास शून्य द्यावयाचे ठरले असेल, तर त्या घरात स्पष्टपणे ० लिहावे. दुसरे सूत्र त्यास आकडा मानून त्याचा भार मोजते. सूट की शून्य हा निर्णय समितीचा आहे, आणि तो गुण भरण्यापूर्वीच इतिवृत्तात नोंदला जाणे इष्ट.