भेट मागायची चार ओळींत

लकडगंजच्या आमच्या पापड गटाला भांडवल हवं होतं. आम्ही एका व्यापाऱ्याला दोन पानी पत्र दिलं, पण उत्तर आलं नाही. मग एवढंच लिहिलं:

"शेठजी, नमस्कार. आम्ही १० जणी पापड करतो. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, ऑर्डर सोडावी लागते. सध्या महिन्याला ६० किलो विकतो, १२ दुकानं नेमाने घेतात. वाळवण्याच्या यंत्रासाठी ४०,००० रुपये हवेत, बदल्यात नफ्यात वाटा देऊ. मंगळवारी १५ मिनिटं भेटाल का?"

संध्याकाळीच फोन आला, "रोख विकता की उधार?" वही पाहिली, तर २० किलोचे पैसे यायचेच होते. तसंच सांगितलं. त्यांनी वही घेऊन बोलावलं. आता पत्रात आम्ही हातात आलेल्या पैशांचाच आकडा लिहितो.