नकाशा पाहिला, पण माणूस आला का?

आमच्या गटाची खानावळ हमरस्त्यालगत आहे आणि गूगलच्या नकाशावर तिची नोंद आहे. मध्यंतरी आम्ही तिची मोबाइलवर जाहिरात दिली, रोज १०० रुपये याप्रमाणे १४ दिवस. चौदाव्या दिवशी नोंदीतल्या 'परफॉर्मन्स'मध्ये पाहिलं, तर रस्ता विचारणारे ३८ वरून ९० झाले होते आणि फोन २० वरून ३१. आम्ही खूश! पण गल्ला काही तसं सांगत नव्हता.

आता हे आकडे नेमके काय मोजतात ते ऐका. 'कॉल्स' म्हणजे फोनचं बटण किती वेळा दाबलं गेलं. आपण फोन उचलला की नाही, ते त्यात नसतं. 'डायरेक्शन्स' म्हणजे किती जणांनी रस्ता मागितला. ती माणसं दारात आली का, हे त्यावरून कळत नाही. ते आपल्यालाच मोजावं लागतं.

सुदैवाने आमची गल्ल्यावरची बाई जाहिरातीच्या आधीपासूनच प्रत्येक टेबलाला विचारायची, "आमचं कसं कळलं?" मोबाइलवर पाहिलं म्हणाले की वहीत एक रेघ. आधीच्या १४ दिवसांत ११ रेघा होत्या, जाहिरातीच्या १४ दिवसांत १७. म्हणजे ६ टेबलं वाढली. १,४०० भागिले ६, एका टेबलामागे २३३ रुपये खर्च. आणि आम्हाला एका टेबलामागे खर्च वजा जाता सुटतात साधारण १२०.

मग बाकीचे गेले कुठे? उत्तर फोनवरच होतं. निम्मे लोक विचारत होते, "नकाशा तर इथंच थांबला, तुम्ही कुठं आहात?" नकाशावरची आमची खूण बायपासच्या पलीकडे होती! मधे दुभाजक, वळायला दोन किलोमीटर. भुकेलेला माणूस कशाला वळेल? शिवाय आम्ही रात्री साडेनऊला बंद करतो, नोंदीत वेळ होती अकराची.

नोंद दुरुस्त करताना खूण बोटाने ओढून आमच्या दारावर आणली, वेळ बदलली. जाहिरात पूर्वी सबंध जिल्ह्यात दिसायची, ती १५ किलोमीटरच्या आत आणि सकाळी अकरा ते रात्री नऊ एवढीच ठेवली. पुन्हा १४ दिवस, तेवढेच पैसे.

या वेळी रस्ता विचारणारे ९० वरून ६४ वर आले. एक ताई घाबरल्याच. पण वहीत रेघा होत्या ३०. आधीच्या ११ वजा केल्या तर १९ टेबलं वाढली, एकामागे खर्च ७४ रुपये.

अर्थात, खूण दुरुस्त झाल्यामुळे किती वाढले आणि जाहिरातीमुळे किती, हे यातून वेगळं होत नाही. म्हणून या महिन्यात जाहिरात बंद ठेवली आहे. रेघा मात्र चालू आहेत.