नोटीस ‘मिळाली’ म्हणावं की ‘स्वीकारली’?

आपल्या नामपूर भागातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी कामाला बाहेर आहे. आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा दुबईत भाड्याने राहतो. त्याच्या घरमालकाला पाठवायचं छोटं पत्र आम्ही बैठकीनंतर बसून लिहिलं. आज त्याचीच गोष्ट सांगते.

झालं असं, की १० ऑक्टोबरला एजंटाने त्याच्या हातात इंग्रजीतली नोटीस दिली. वर्षाचं भाडं ४५ हजार दिरहम होतं, ते १ जानेवारीपासून ५५ हजार होणार. घरमालक वयस्कर, फक्त अरबी जाणणारे. भाडं वाढवायला त्यांनीच सांगितलं की एजंटाने परस्पर ठरवलं, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून नोटिशीचा फोटो, तिचं अरबी भाषांतर आणि वर एक पत्र, असं थेट मालकांना पाठवायचं ठरलं.

मालेगावला अरबी शिकवणाऱ्या एक आपा काकूंच्या ओळखीच्या निघाल्या. त्यांनी पहिल्यांदा फोटोच परत पाठवला. कागदाचे चारही कोपरे, शिक्का, सही आणि तारीख दिसली पाहिजे, म्हणाल्या. भाषांतर वेगळ्या कागदावर केलं, फोटोवर काही लिहिलं नाही. एक शब्द शिक्क्याखाली गेला होता. तिथे अंदाज न करता त्यांनी ‘वाचता येत नाही’ असंच लिहिलं.

भाषांतर आलं आणि काकू घाबरल्या. ‘अगं, पंचावन्नच्या जागी दोन शून्यं दिसतात!’ अरबी आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे ५५ हजार लिहिताना दोन गोल आणि तीन ठिपके. अक्षरं उजवीकडून डावीकडे जात असली, तरी आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. तरीही घोटाळा नको म्हणून रक्कम अक्षरांतही लिहून घेतली.

खरी गफलत पत्रात होणार होती. मुलाने मराठीत कच्चं लिहून पाठवलं होतं : ‘आपली नोटीस मी स्वीकारली आहे.’ आपण पार्सल घेतलं तरी ‘स्वीकारलं’ म्हणतो. आपांनी विचारलं, ‘हातात घेतली की मान्य केली? अरबीत दोन वेगळे शब्द आहेत.’ मान्य करण्याचा शब्द म्हणजे आपला ‘कबूल’च, तो मुळात अरबीच आहे. तो पत्रात गेला असता, तर मुलाने ५५ हजार मान्य केल्याचं आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून ‘मिळाली’ असं लिहिलं.

शेवटी अरबीत गेलेलं पत्र मराठीत असं होतं :

‘माननीय घरमालक, सलाम. मी आपल्या इमारतीत या क्रमांकाच्या घरात भाडेकरू आहे. माझा करार ३१ डिसेंबरला संपतो. १० ऑक्टोबरला आपल्या एजंटाकडून मला इंग्रजी नोटीस मिळाली. तिचा फोटो आणि अरबी भाषांतर सोबत आहे. भाषांतर केवळ आपल्या सोयीसाठी आहे. ही नोटीस आपल्या सांगण्यावरून दिली आहे का, आणि ५५ हजार हा आकडा आपणच ठरवला आहे का, एवढं कृपया २० ऑक्टोबरपर्यंत लिहून कळवावं. आपला, भाडेकरू.’

एवढंच. तक्रार नाही, कायद्याची धमकी नाही, एजंटावर आरोपही नाही. पण १० ऑक्टोबर ही तारीख मुद्दाम घातली. दुबईच्या २००७ च्या भाडेकायद्याप्रमाणे, दोघांनी वेगळं ठरवलेलं नसेल तर, कराराच्या अटी बदलायच्या असल्यास मुदत संपण्याआधी किमान ९० दिवस कळवावं लागतं. ३१ डिसेंबरपासून मागे ९० दिवस मोजले तर २ ऑक्टोबर येतो. नोटीस आठ दिवस उशिरा आली होती. म्हणून मुलाने करारात काही वेगळी अट नाही ना, तेही वाचून घेतलं. हा नियम दुबईचा. शारजा, अबू धाबी किंवा मस्कतला तिथला नियम पाहावा लागतो.

चार दिवसांनी मालकांचं उत्तर आलं. भाडं वाढवण्याबद्दल बोलून बघ, असं त्यांनी एजंटाला सांगितलं होतं, पण आकडा दिला नव्हता. या वर्षी जुनंच भाडं राहू द्या, असं त्यांनी लिहिलं. ते उत्तर मुलाने फोटो आणि पत्रासोबत जपून ठेवलंय.

एक मर्यादा मात्र सांगते. आपांचं भाषांतर मालकांशी बोलायला पुरलं. प्रकरण तिथल्या भाडे-तंटा केंद्रात गेलं असतं, तर परवाना असलेल्या कायदेशीर भाषांतरकाराकडूनच ते करून घ्यावं लागलं असतं.

काकूंनी त्या पत्राची मराठी प्रत गटाच्या फाइलीत लावली आहे. कुणाच्या घरी अशी नोटीस आली, तर बैठकीच्या दिवशी या आणि बघून जा.