भट्टी नेमकं कोण विकत घेतं?



अध्यक्षपदावरून शिक्षणाच्या भवितव्यावर बोलायची पद्धत आहे. मी एका पाच गुणांच्या प्रश्नावर बोलणार आहे: ‘औद्योगिक खरेदीची प्रक्रिया आणि खरेदी केंद्रातील भूमिका सांगून ग्राहकाच्या खरेदीशी तुलना करा.’ मुलं मधे रेघ मारतात. डावीकडे ‘अनेक माणसं, विचारपूर्वक निर्णय’, उजवीकडे ‘एक माणूस, भावनेच्या भरात निर्णय’. आपण पाचापैकी चार देतो. माझ्या मते त्या तक्त्यातली दोन्ही वाक्यं चूक आहेत, आणि ते पटवायला बेळगावचं शहापूर सोडून लांब जायची गरज नाही.

आधी उजवी बाजू. लग्नाचा शालू घ्यायला घर दुकानात जातं. मावशी पदर उलटून बघते, आई होय-नाही ठरवते, वडील पैसे मोजतात, नेसणार मुलगी. सुचवणारा, प्रभाव टाकणारा, ठरवणारा, विकत घेणारा, वापरणारा, सगळे गादीवर बसलेले असतात. म्हणजे भूमिका घरगुती खरेदीतही आहेत. आता डावी बाजू. इथला हातमाग-यंत्रमागवाला सूत घेतो, तेही व्यवसायासाठीच. पण काउंट तोच ठरवतो, व्यापाऱ्याला फोन तोच करतो, माग तोच चालवतो, उधारीही तोच फेडतो. सगळ्या भूमिका एका माणसात. त्यामुळे माणसं मोजून फरक सापडत नाही. तोच शालू मुलीसाठी घेतला तर ग्राहकाची खरेदी, दुकानदाराने विणकराकडून घेतला तर औद्योगिक. वस्तू एकच, हेतू वेगळा.

मग फरक कुठे आहे? त्यासाठी आपण उद्यमबागेत जाऊ.

समजा, तिथे एक मध्यम फाउंड्री आहे. क्युपोलात कोक जाळून राखाडी बीड वितळवते आणि पंपाची कास्टिंगं करते. पुण्याचं एक गिऱ्हाईक म्हणतं, यापुढे काही भाग एसजी आयर्नमध्ये हवेत. क्युपोलात अडचण अशी की कोकमधलं गंधक लोखंडात उतरतं. एसजीसाठी मॅग्नेशियम टाकण्यापूर्वी रसातलं गंधक साधारण ०.०२ टक्क्याच्या आसपास किंवा खाली लागतं, नाहीतर मॅग्नेशियम गंधकालाच खर्ची पडतं आणि ग्रॅफाइटचे गोळे बनत नाहीत. म्हणून विजेची इंडक्शन भट्टी घ्यायची वेळ येते. लक्षात घ्या, खरेदीला सुरुवात करून देणारा माणूस फाउंड्रीच्या पगारपत्रकावर नाही. औद्योगिक मागणी पुढच्या मागणीतून जन्मते, असं आपण शिकवतो, ते असं घडतं.

रॉबिन्सन, फॅरिस आणि विंड यांनी १९६७ मध्ये या प्रक्रियेचे आठ टप्पे मांडले. गरज ओळखणं, गरजेचं साधारण वर्णन, तपशील ठरवणं, पुरवठादार शोधणं, प्रस्ताव मागवणं, निवड, ऑर्डरची पद्धत आणि शेवटी कामगिरीचं मूल्यमापन. पाठ करायला सोपे, पण सगळा जीव तिसऱ्या टप्प्यात आहे. शालूचा तपशील शालू बघता बघता तयार होतो. ‘असाच, पण थोडा गडद’ हे वाक्य दुकानातच सुचतं. भट्टीचा तपशील मात्र भट्टी दिसण्याआधी कागदावर उतरावा लागतो. मूस अर्ध्या टनाची, वीज साधारण साडेतीनशे किलोवॅट. आणि हा आकडा लिहिताच हेस्कॉमकडून वाढीव भाराची मंजुरी, ट्रान्सफॉर्मर, पाणी थंड करण्याची सोय हे सगळं मागोमाग येतं. मंजुरीचं न बघता आधी ऑर्डर दिली, की भट्टी प्लॅस्टिकात गुंडाळून शेडमध्ये पडून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू होतो.

आता माणसं. खरेदी केंद्राची रचना वेबस्टर आणि विंड यांनी १९७२ मध्ये मांडली. वापरणारे, प्रभाव टाकणारे, खरेदी करणारे, निर्णय घेणारे आणि द्वारपाल, अशा पाच भूमिका. सुरुवात करणारा नंतरच्या लेखकांनी जोडला. आपल्या फाउंड्रीत वापरणारा म्हणजे मेल्टर. प्रभाव टाकणारा धातुतज्ज्ञ, आणि गिऱ्हाइकाचा ऑडिटरसुद्धा. घासाघीस करून ऑर्डर काढणारा खरेदी अधिकारी. निर्णय मालक आणि त्यांचे भाऊ यांचा. कर्ज असेल तर बँकेचीही मान्यता लागते. बँक प्रकल्प अहवाल बघते, कोटेशनं मागते. द्वारपाल कोण, असं विचारलं की मुलं ‘वॉचमन’ लिहितात. खरा द्वारपाल कार्यालयात बसतो. आलेल्या पाच कोटेशनांपैकी कुठली तीन मालकांच्या टेबलावर जाणार, हे ज्याच्या हातात आहे तो. तो कधीही ‘होय’ म्हणू शकत नाही, पण त्याचं ‘नाही’ कुणाला ऐकूही येत नाही.

या भूमिका कामाला लागतात निवडीच्या वेळी. समजा, पहिल्या पुरवठादाराची भट्टी सहा लाखांनी स्वस्त आहे, पण टनामागे वीज ६०० युनिट खाते. दुसऱ्याची ५५० खाते. महिन्याला १५० टन रस आणि युनिट आठ रुपये धरा. फरक महिन्याला साठ हजारांचा. स्वस्ताई दहा महिन्यांत संपते. हा हिशेब धातुतज्ज्ञ मांडतो. खरेदी अधिकारी मात्र पहिल्याच्या बाजूने असतो, कारण वर्षाअखेरीस त्याचं काम खरेदीच्या किमतीवर तपासलं जाणार आणि वीजबिल दुसऱ्याच्या खात्यात पडणार. त्याला अविचारी म्हणता येणार नाही, आणि भावनाशून्यही नाही. त्याला स्वतःच्या नोकरीची काळजी आहे. ‘औद्योगिक खरेदी म्हणजे निव्वळ तर्क’ हे वाक्य इथे मोडतं.

राहिला मेल्टर. बहुतेक ठिकाणी त्याला शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत. भट्टीचं अस्तर कसं ठोकायचं, किती तापवून पक्कं करायचं, मूस वाकवताना उभं कुठे राहायचं, हे त्यालाच कळतं. अस्तर घाईने भाजलं तर ते लवकर झिजतं, रस कॉइलपर्यंत पोचायची भीती निर्माण होते. मग ‘मशीनच खराब’ असा बोभाटा होतो, आणि आठव्या टप्प्यातला अहवाल पुरवठादाराच्या विरोधात जातो. विक्रेता सहा महिने मालकाच्या केबिनमध्ये चहा पीत राहिला आणि भट्टीजवळ एकदाही गेला नाही, याची ही किंमत.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हे सारं पहिल्या भट्टीला लागू. तीच फाउंड्री दर महिन्याला सिलिका वाळू मागवते, तेव्हा आठ टप्पे कुणी मोजत नाही. स्टोअरकीपर फोन करतो, ट्रक येतो. त्याच तिघा लेखकांनी यालाच सरळ पुनर्खरेदी म्हटलं. वाळूत माती जास्त येऊ लागली, कास्टिंगवर भोकं दिसायला लागली, की ती सुधारित पुनर्खरेदी होते आणि धातुतज्ज्ञ पुन्हा खुर्ची ओढून बसतो. म्हणजे खरेदी केंद्र हे कंपनीतलं खातं नव्हे; खरेदीगणिक माणसं जमतात आणि पांगतात.

म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे. पाच टप्पे लिहिले की आठ, हे मोजू नका. विद्यार्थ्याने एक खरेदी निवडली का, ती नवी आहे की पुनर्खरेदी हे सांगितलं का, भूमिका हुद्द्यांवरून न ठरवता माणसाच्या कामावरून ठरवल्या का, आणि तपशील आधी की नंतर ठरतो व चुकलं तर जाब कुणाला विचारतात, या दोन मुद्द्यांवर ग्राहकाशी तुलना केली का, एवढंच बघा. शंभर-सव्वाशे शब्दांत हे बसतं. पुढच्या प्रश्नपत्रिकेत हवं तर असं विचारा: ‘शहापूरच्या विणकराने नवा यंत्रमाग कर्जावर घेतला, सूत घेताना त्याच्या एकट्याकडे असलेल्या कोणत्या भूमिका आता इतरांकडे गेल्या?’