भंगाराच्या धंद्यात पैसा कुठे असतो
(पाड्यांवरील तरुणांच्या स्वयंरोजगारासाठी मदत करणाऱ्या मंडळींच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पाड्यावरून तालुक्याच्या गावी आलेल्या एखाद्या जोडप्याला रद्दी-भंगाराचा लहान धंदा काढून द्यायचा, तर आपल्या मदतीतून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न आज माझ्याकडे आला आहे. कोणी हातगाडी सुचवली आहे, कोणी पुठ्ठा दाबून गठ्ठे करण्याचे मशीन. दोन्ही सूचना प्रेमाने केलेल्या आहेत. पण आधी हिशेब बघू या, मग बोलू.

लहान गावात रोज हमखास मिळणारा माल म्हणजे पुठ्ठा. किराणा, कापड, औषधे, चपला, सगळे खोक्यांतून येते. समजा, आपले जोडपे वीसेक दुकाने फिरून रोज ६० किलो पुठ्ठा ८ रुपये किलोने घेते. गावातला मोठा भंगारवाला तो ११ रुपयांनी घेतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा व्यापारी १४ रुपयांनी. भाव सारखे बदलतात, म्हणून हे आकडे केवळ हिशेबापुरते धरा.

रोजचा माल रोज गावातच विकला, तर दिवसाला १८० रुपये सुटतात. दहा दिवसांचे १,८०० झाले. आता हाच माल दहा दिवस साठवला. ६०० किलो झाला, खरेदी ४,८०० रुपये. छोटा टेम्पो १,२०० रुपयांत ठरवून जिल्ह्याला नेला, तर ८,४०० रुपये येतात आणि २,४०० हातात राहतात. म्हणजे ६०० रुपये जास्त. पण टेम्पो अर्धाच भरून नेला, तर भाडे तेवढेच लागते. ३०० किलोवर फक्त ६०० रुपये उरतात, आणि तोच माल गावात दिला असता तर ९०० सुटले असते. म्हणून टेम्पो भरल्याशिवाय हलवायचा नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पुठ्ठा पाणी पितो, आणि व्यापाऱ्याला ते ठाऊक असते. तो गठ्ठ्याच्या मध्यात हात घालतो. माल गार आणि नरम लागला, वाकवल्यावर मोडण्याचा आवाज आला नाही, की वजनात कपात करतो. ६०० किलोवर दहा टक्के कपात म्हणजे ८४० रुपये गेले. उरले १,५६०. दहा दिवस राखण करून, टेम्पोत चढवून-उतरवून गावातल्यापेक्षा कमीच मिळाले! काही जण वजन वाढावे म्हणून मुद्दाम पाणी मारतात. ती लबाडी दोन फेऱ्यांत उघडी पडते, आणि नंतर त्यांच्या कोरड्या मालावरही कपात बसते.

तेव्हा माल कोरडा राहणे ही या धंद्यातली पहिली गरज आहे. पत्र्याचे छप्पर हवे, आणि जमिनीपासून वीतभर उंच विटा-फळ्यांचे ओटे हवेत, कारण ओल खालून चढते. खोकी उलगडून सपाट करावीत, चिकटपट्टी आणि थर्माकोल काढावे, गठ्ठे भिंतीला टेकवू नयेत. त्या जागेत बिडी-काडी बिलकुल नको. जून ते सप्टेंबर साठवणूक करूच नये. त्या दिवसांत रोजचा माल रोज गावातच द्यावा, नफा कमी आला तरी.

पुठ्ठ्याबरोबर पाण्याच्या बाटल्या येतात. लिटरची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे चाळीस-पन्नास बाटल्यांचा एक किलो. पायाने चेपल्या नाहीत तर टेम्पोतून हवाच जाते. इथे कमाई निवडण्याची आहे. पारदर्शक बाटल्या वेगळ्या, हिरव्या-रंगीत वेगळ्या, तेलकट त्याहून वेगळ्या ठेवाव्यात. झाकण आणि मानेवरचे कडे दुसऱ्या प्लास्टिकचे असते. तुकडा बादलीत टाका, झाकण तरंगेल आणि बाटली बुडेल. खरा त्रास पी.व्ही.सी.चा, कारण तेही बाटलीसारखे बुडते आणि कारखान्यात पाण्याने वेगळे होत नाही. बाटलीचे प्लास्टिक वितळेल एवढ्या उष्णतेला ते करपते आणि सगळा माल पिवळा-काळा करते. ते ओळखायला बाटलीचे बूड बघावे. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी मधोमध बारीक टिंब असते, पी.व्ही.सी.च्या बाटलीला आडवी रेघ असते, आणि घडी घातली की घडीवर पांढरा पट्टा उमटतो. आमच्या बायका हे एका सकाळीत शिकतात. अक्षरओळख नसली तरी अडत नाही.

वेफर्स-कुरकुरीतांच्या चकचकीत पाकिटांना गिऱ्हाईक नाही. त्यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटत नाहीत. फुकट मिळाली तरी ती घेऊ नयेत, साठली की टाकण्याचा खर्च आपल्याच माथी येतो. तांब्यासाठी वायर जाळणे तर नकोच. तो धूर विषारी असतो, आणि जळून काळे पडलेले तांबे सुरीने सोललेल्या तांब्यापेक्षा स्वस्त जाते. गाडीच्या जुन्या बॅटऱ्या फोडू नयेत, त्यांत शिसे आणि आम्ल असते.

आता एक नाजूक गोष्ट सांगतो. संध्याकाळनंतर कोणी शेतपंपाची केबल, विजेची अॅल्युमिनियमची तार किंवा नवे कोरे नळ घेऊन आला, आणि भाव न विचारता देऊन जाऊ लागला, तर तो माल चोरीचा असण्याची शक्यता मोठी. चोरीचा माल घेणे हाही गुन्हा आहे, आणि चौकशी सुरू झाली की बाहेरून आलेल्या गरीब आदिवासी पोराकडे बोट सगळ्यांत आधी वळते. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. तारीख, देणाऱ्याचे नाव, माल, वजन, पैसे. वजनकाटाही वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का घेतलेला असावा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, तेव्हापासून त्या बाया ओळखपत्रासाठी का झगडल्या, ते इथे कळते. नगरपंचायतीकडून आपल्या जोडप्याला तसे काही लेखी मिळवून देणे, हे काम मंडळीतील जाणत्या माणसांनी अंगावर घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गठ्ठ्यांचे मशीन नको. रोज ६० किलोवर ते दिवसातून काही मिनिटे चालेल आणि उरलेला वेळ जागा अडवेल. हातगाडी भाड्याने मिळते. या जोडप्याची अडचण वेगळी आहे. रोजंदारीवर जगणारे घर दहा दिवस थांबू शकत नाही. चौथ्या दिवशी घरात तांदूळ संपतो आणि माल गावातल्याच भंगारवाल्याला जातो. बहुतेक वेळा त्याच्याकडून उचल घेतलेली असते, मग भावही तोच ठरवतो. ही गाठ सोडवायची तर हातात खेळते भांडवल हवे. पहिल्या दहा दिवसांची खरेदी ४,८००, टेम्पोचे १,२००, व्यापाऱ्याने पैसे लांबवले तर पुढच्या दहा दिवसांची आणखी ४,८००. हे १०,८०० झाले. शिवाय त्या काळातला घरखर्च. एवढी रक्कम बिनव्याजी, दर फेरीला थोडी थोडी परत घेण्याच्या बोलीवर द्यावी. उरलेल्या पैशांतून पत्रे, विटा आणि काटा घ्यावा.

सुरुवात दसऱ्याच्या सुमारास करावी, असे मला वाटते. पाऊस ओसरलेला असतो, आणि दिवाळीच्या मालाची खोकी दुकानांतून निघायला लागलेली असतात. तोवर मंडळीतल्या दुकानदारांनी आपली खोकी पावसात बाहेर न फेकता आत कोरडी ठेवली, तर पहिला टेम्पो लवकर भरेल.