सिमचं कुलूप आणि आठ आकडी चावी

मोबाईलच्या पडद्याला कुलूप लावलं की आपण निर्धास्त होतो. पण फोन चोरणारा माणूस पडद्याशी झटापट करत बसत नाही. तो पिन खुपसून बाजूचा ट्रे बाहेर काढतो, सिमकार्ड आपल्याजवळच्या दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमच्या नंबरवर येणारे सगळे ओटीपी वाचू लागतो. तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर चालू करायला त्याला बहुधा तेवढं पुरतं. हे थांबवणारं कुलूप फोनला नसतं, सिमकार्डाला असतं. त्याला सिम पिन म्हणतात. जर्मनीत गेलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक असतं, कारण तिकडचं कार्ड बहुधा कुलूप लावूनच हाती येतं. आपल्याकडे ते उघडं मिळतं आणि बहुतेकांचं आयुष्यभर उघडंच राहतं.

सिमकार्ड हा नुसता पत्र्याचा तुकडा नव्हे, तो एक इवलासा संगणक आहे. तुमची ओळख त्याच्या पोटात असते. कुलूप लावलेलं असेल तर योग्य पिन मिळेपर्यंत कार्ड ती ओळख फोनला देतच नाही, म्हणून फोनला नेटवर्कही मिळत नाही. पिन चार ते आठ आकडी असतो. तो टाकायला तीन संधी मिळतात, आणि चुकांचा हिशेब ठेवतं ते कार्ड, फोन नव्हे. आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. फोन बंद करून चालू केला, बॅटरी काढली, कार्ड शेजाऱ्याच्या फोनमध्ये घातलं, तरी गेलेली संधी परत येत नाही. बरोबर पिन पडला तरच मोजणी पुन्हा तीनवर जाते.

आता आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. कोणीतरी पाठवलेला संदेश वाचून त्यांनी सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या विभागात सिम लॉक शोधलं आणि बटण सरकवलं. पडद्यावर आलं `Enter SIM PIN`. काकांना वाटलं, नवा पिन ठरवायला सांगतोय. त्यांनी नातवाचं जन्मवर्ष टाकलं. चूक. बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा तेच टाकलं. पुन्हा चूक, आणि खाली बारीक अक्षरात एकच संधी उरल्याची सूचना.

काका फसले कुठे? फोन नवा पिन मागत नव्हता, कार्डावर कारखान्यातून आलेला जुना पिन मागत होता. तो बहुधा `1234` किंवा `0000` असतो, पण कंपनीगणिक बदलतो. काही वेळा तो सिम ज्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्डात येतं त्यावर छापलेला असतो, आणि ते कार्ड आपण दुकानातच टाकून देतो. आधी जुना पिन देऊन कुलूप चालू करायचं, मग `Change SIM PIN` मध्ये जाऊन आपला घालायचा, असा क्रम आहे. काकांनी फोन बंद-चालू केला, नेटवर्क आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि `0000` टाकून पाहिलं. त्यांच्या कार्डाचा पिन होता `1234`. कार्ड अडकलं.

दुसऱ्या चुकीनंतर हात आवरायचा. एक संधी शिल्लक असताना कार्ड तसंच चालू असतं. कंपनीला विचारून खरा पिन घ्यायला वेळ मिळतो. पैज लावायची जागा ती नव्हे.

तीन चुका झाल्या की कार्ड पीयूके मागतं. हा आठ आकडी अंक कार्ड बनतानाच त्यात घातलेला असतो. तुम्ही पिन शंभरदा बदला, पीयूके बदलत नाही. त्याला दहा संधी असतात. काकांच्या शेजारच्या एका हुशार मुलाने `12345678` टाकून बघा म्हणून सांगितलं आणि त्यातली एक वाया घालवली. आठ आकड्यांचे दहा कोटी पर्याय होतात. तिथे अंदाज म्हणजे निव्वळ खुळेपणा.

मग खरी अडचण सुरू झाली. घरच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत होतं, पण बँकेचा ओटीपी येईना. कंपनीचं ॲप उघडलं तर तेही त्याच अडकलेल्या नंबरवर ओटीपी पाठवू म्हणे. शेवटी काकूंचा फोन त्याच कंपनीचा निघाला. त्यावरून ग्राहक सेवेला फोन लावला, नाव, जन्मतारीख वगैरे विचारपूस झाली आणि तिकडच्या बाईंनी आठ आकडे सांगितले. असा मार्ग नसेल तर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावं लागतं. गल्लीतला रिचार्जवाला हे करू शकत नाही, आणि तुम्हाला स्वतःहून फोन करून पीयूके सांगणारा वा विचारणारा माणूस कंपनीचा नसतो.

पडद्यावर पीयूकेचा रकाना दिसत असेल तर तिथेच आकडे टाकून नवा पिन दोनदा द्यायचा. नसेल तर डायल पॅडवरून असं टाइप करतात. यातला आठ आकडी अंक नमुन्याचा आहे, तिथे तुमचा स्वतःचा घालायचा, आणि त्यामागे दोनदा आलेला चार आकडी अंक म्हणजे नवा पिन:

```
**05*83627415*4917*4917#
```

दोन सिमच्या फोनमध्ये कोणतं कार्ड विचारतंय हे आधी पडद्यावर वाचा. पहिल्याचा पिन दुसऱ्याला देऊन संधी घालवणारे कितीतरी आहेत. काकांचं कार्ड सुटलं आणि कुलूपही आपोआप लागलं, कारण पीयूकेने सोडवलेल्या कार्डाचं कुलूप चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एकही फोन येईना. रात्री फोनने स्वतःला अद्ययावत करून पुन्हा सुरू केलं होतं आणि तो पिनची वाट बघत गप्प बसला होता. हा बिघाड नव्हे, पण कुलूप लावलं की ही सवय करावी लागते. अशा वेळी ११२ मात्र लागतो.

दहाही संधी गेल्या तर कार्ड कायमचं मेलं. ते कोणीही जिवंत करू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. नंबर जात नाही. ओळख पटवून त्याच नंबरचं नवं कार्ड मिळतं. ईसिमला कार्ड हाती धरता येत नसलं तरी पिन आणि पीयूके असतात, आणि तेही असंच मरतं. नवं कार्ड चालू झाल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे तेवढा वेळ ओटीपीही नाहीत. नियम रास्त आहे. कारण तुमच्या नावाने खोटी कागदपत्रं देऊन दुसरं कार्ड काढणाऱ्या भामट्यापुढे सिम पिन काहीच करू शकत नाही. त्याच्याकडे तुमचं कार्ड नसतंच, त्याचं स्वतःचं कोरं कार्ड असतं.

तेव्हा घरी जाऊन लगेच बटण सरकवू नका. सिम चालू आहे तोवर ओटीपी येतो, तोवरच कंपनीच्या ॲपमधून किंवा १९८ वर विचारून कारखान्याचा पिन आणि पीयूके दोन्ही मिळवा. ते कागदावर लिहा, आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नको, घरच्या कपाटात ठेवा. मग कुलूप लावा. पुढे कधी हरवल्यामुळे कार्ड बदलावं लागलं, तर लक्षात ठेवा: नव्या कार्डाचा पीयूके वेगळा असतो, कुलूप पुन्हा उघडं असतं, आणि कपाटातला जुना कागद त्याला लागू पडत नाही.