अबोला कुणाकुणाशी?

कारखाना बंद पडला आणि नवरा गप्पगप्प झाला, की बायकोला वाटतं, याचं माझ्यावरचं मन उडालं. अशा वेळी अबोला कुणाकुणाशी आहे, ते पाहा. मित्रांचे फोन उचलत नाही, क्रिकेटची मॅच लावत नाही, खर्चाचा विषय निघाला की उठून जातो. पण तुम्हाला ताप आला तर उशाशी बसतो. हे बहुधा दुःख आणि शरम. पण बाहेर हसतखेळत वावरत असेल, तुटकपणा फक्त तुमच्याशी आणि तोही नोकरी जाण्याआधीपासूनचा असेल, तर प्रश्न नात्याचा असू शकतो. उदासी, निद्रानाश दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं झालंय म्हणाला, तर लगेच टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा.